सोडून दिलेल्या कार्टचे खरे पैसे किती? कामाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार, फोंडा

काकांनी सकाळी दुकान उघडता उघडता विचारले, "कार्ट सोडून जाणाऱ्यांना पाठवतो त्या मेसेजांचे महिन्याचे बिल भरतो, वर दहा टक्क्यांचे कूपन देतो. त्यातून आपल्या हाती नेमके काय लागते?"

मी स्क्रीन पुढे केली. मे महिन्यात "वसूल झालेली विक्री" ४,०८,००० रुपये. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "एवढे पैसे मेसेजने आणले असतील तर मागच्या वर्षीच्या मेपेक्षा तेवढे जास्त दिसायला हवेत. ते कुठे आहेत?" ते कुठेच नव्हते. संध्याकाळपर्यंत जुन्या ऑर्डरी चाळत बसलो.

हा आकडा कसा बनतो, ते आधी लिहून ठेवतो. ग्राहक आमच्या वेबसाइटवर काजू कार्टमध्ये टाकतो, फोन नंबर भरतो आणि पैसे न भरता निघून जातो. तासाभराने त्याला व्हॉट्सॲपवर आठवण जाते, दुसऱ्या दिवशी कूपनसह दुसरा मेसेज. पहिल्या मेसेजनंतर सात दिवसांत त्याने काहीही घेतले की ती अख्खी ऑर्डर मेसेजच्या खात्यात जमा होते. तो मेसेजमुळे आला की आपल्या पायाने आला, हे कुणी विचारत नाही.

पुण्याच्या एका ताईंची खरेदी आज मुद्दाम काढून पाहिली. मूळच्या आपल्या फोंड्याच्याच. दर महिन्याच्या शेवटी त्या एक किलो डब्ल्यू-२४० प्रतीचे काजू आणि कोकम आगळाच्या दोन बाटल्या कार्टमध्ये ठेवतात आणि २ ते ४ तारखेच्या दरम्यान पैसे भरतात. फेब्रुवारीत आम्ही रिमाइंडर सुरू केले. तेव्हापासून त्यांची प्रत्येक ऑर्डर "वसूल" म्हणून नोंदलेली आहे. पण नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीतही त्या अगदी अशाच आल्या होत्या आणि तेव्हा मेसेज नव्हताच. काकीला विचारले तर तिला हे ठाऊक होते. "पगार झाला की घेते ती," म्हणाली.

४ जून, बुधवार

चुलतभावाचे म्हणणे, एक महिना मेसेज बंद ठेवू आणि विक्री किती पडते ते पाहू. मला हे पटत नाही. जूनमध्ये पाऊस लागतो आणि पार्सले उशिरा निघतात. ऑगस्टमध्ये राखी आणि पाठोपाठ गणपतीची चवथ. आमच्या धंद्यात दोन महिने एकसारखे कधीच नसतात. बंद महिन्यात विक्री पडली किंवा चढली, तरी ती मेसेजमुळे की सणामुळे हे सांगता येणार नाही.

म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या पाहिजेत. कार्ट सोडणाऱ्यांपैकी अर्ध्यांना मेसेज, अर्ध्यांना काहीच नाही, आणि कोण कुठे जाईल हे निव्वळ नाणेफेकीने ठरायचे. ज्यांना काही पाठवायचे नाही त्यांना मी "राखीव गट" म्हणतो. राखीव गटातले जितके लोक आपणहून परत येतात, तितके मेसेज गटातलेही आपणहून आलेच असते. त्याच्या वर जे येतील तेच मेसेजचे.

काकांना राखीव गट ऐकून वाईट वाटले. अर्ध्या गिऱ्हाइकांना विचारायचेच नाही म्हणजे काय? मी म्हटले, दहा आठवडे. काका बराच वेळ गप्प राहिले, मग "बरे" म्हणाले.

५ जून, गुरुवार

गट कशाच्या आधारे पाडायचे यावर दुपार गेली. कार्टच्या क्रमांकावरून पाडले तर एकच माणूस सोमवारी मेसेज गटात आणि गुरुवारी राखीव गटात जाईल. सोमवारच्या मेसेजने त्याला जागे केले आणि गुरुवारी राखीव गटातली खरेदी म्हणून तो मोजला गेला, तर दोन्ही गट एकमेकांत मिसळले. म्हणून फोन नंबरावरून पाडायचे, म्हणजे माणूस शेवटपर्यंत एकाच गटात राहतो. नंबर लोक कसेही लिहितात. कुणी पुढे शून्य लावतो, कुणी +91, कुणी मध्ये जागा सोडतो. त्यामुळे शेवटचे दहा आकडेच घ्यायचे.

```python
import hashlib

def gat(phone):
    p = "".join(c for c in phone if c.isdigit())[-10:]
    h = hashlib.sha256(("cart-2025-06:" + p).encode()).hexdigest()
    return "msg" if int(h, 16) % 2 == 0 else "hold"
```

पुढे जोडलेला `cart-2025-06:` हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढची चाचणी घेताना तो बदलायचा, म्हणजे लोक नव्याने वाटले जातात. तो तसाच ठेवला तर आज ज्यांना मेसेज गेले, उद्याही तेच मेसेज गटात येतील आणि आजच्या मेसेजांचा परिणाम उद्याच्या हिशेबात शिरेल.

६ जून, शुक्रवार

सुरू केले. दुपारी तीनपासून वीज नव्हती. इन्व्हर्टरवर राउटर चालू ठेवून पहिले मेसेज जाताना पाहिले.

१३ जून, शुक्रवार

सात दिवसांचे आकडे आले आणि उलटेच निघाले. राखीव गटात खरेदी जास्त, मेसेज गटात कमी. भाऊ म्हणाला, मेसेजने लोक वैतागत असतील. मलाही क्षणभर तसेच वाटले. रात्री झोपताना लक्षात आले की खरेदीकडे बघण्याआधी मी माणसे मोजलीच नाहीत.

१४ जून, शनिवार

मोजली. राखीव गटात २३१, मेसेज गटात १७२. एकूण ४०३ माणसे आणि नाणेफेक अर्धी-अर्धी, म्हणजे प्रत्येकी दोनशेच्या आसपास हवीत. दहा-पंधराची तफावत सहज पडते. पण एका बाजूला तिसाच्या घरात जास्त आणि दुसरीकडे तितकीच कमी, हे क्वचित घडते. वाटणी बिघडलेली असेल तर पुढचा एकही आकडा वाचण्यात अर्थ नाही.

चूक माझ्या क्रमात होती. राखीव गटात माणूस कार्ट सोडताक्षणी मोजला जात होता. मेसेज गटात मात्र मेसेज गेला तेव्हा, म्हणजे तासाभराने. त्या तासात जे स्वतःहून परत येऊन पैसे भरून गेले, त्यांना मेसेज जातच नाही, म्हणून ते मेसेज गटातून आपोआप गळत होते. राखीव गटात ते सगळे खरेदीदार म्हणून बसलेले. राखीव गटातून पहिल्या तासात घेणारे ५८ जण काढले आणि उरले १७३. पलीकडे १७२. गाठ सुटली.

तासाभरात परत येणारे हे लोक बहुतेक यूपीआयवाले आहेत. पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातात, तिथे व्यवहार अडकतो, थोड्या वेळाने पुन्हा करून बघतात. त्यांनी कार्ट सोडलेलेच नसते. दुरुस्ती अशी: एक तास उलटला, ऑर्डर नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज घ्यायला संमती दिलेली आहे, तर त्याच क्षणी माणूस चाचणीत येतो आणि त्याच क्षणी गट ठरतो. दोन्ही बाजूंना दार तेच आणि वेळ तीच.

हा आठवडा टाकून दिला. सोमवारपासून नव्याने.

१६ जून, सोमवार

किती माणसे लागतील याचा हिशेब आज भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला, म्हणजे मध्येच कुणी घाई केली तर दाखवता येईल. मेसेज न देता परत येणारे शंभरात साधारण सोळा. मेसेजने त्यात सव्वातीन-साडेतीनची भर पडत असेल तर ती पकडता आली पाहिजे. त्यासाठी ढोबळ सूत्र, n म्हणजे एका गटातली माणसे, p म्हणजे आपणहून येणारे, d म्हणजे मेसेजने पडणारी भर:

```text
n = 16 × p × (1 − p) / d²
  = 16 × 0.16 × 0.84 / 0.033²  ≈ 1975
```

म्हणजे प्रत्येक गटात दोन हजारांच्या आसपास. आठवड्याला नवी चारशे माणसे येतात, म्हणून दहा आठवडे. २४ ऑगस्टला शेवटचा माणूस आत येईल. माणूस एकदाच मोजायचा, त्याच्या पहिल्या सोडलेल्या कार्टपासून सात दिवस. अर्ध्या चाचणीत यातले काहीही बदलायचे नाही.

२३ जून, सोमवार

पहिल्या आठवड्याची वाटणी २०९ आणि २०२. जीव भांड्यात पडला.

पण आज दुसरीच गोष्ट सापडली. दुपारी चहाला आत गेलो तर काकी फोनवर बोलत होती. समोर वही, वहीत कार्ट सोडलेल्यांची नावे. "अहो, तुमचे काजू राहिले ना घ्यायचे? चांगला माल आहे, सत्तरी तालुक्यातला." मोठे कार्ट दिसले की ती गेली दोन वर्षे असा फोन करते. मला याची कल्पनाच नव्हती. आणि तिच्या यादीत दोन्ही गटांतली माणसे होती. मेसेज गेलेल्यांपैकी काहीजण तोवर पैसे भरून मोकळे होतात, त्यामुळे तिचे फोन राखीव गटातल्यांनाच अधिक लागत होते. म्हणजे ज्यांना काहीच आठवण द्यायची नाही त्यांना आम्ही घरातूनच आठवण देत होतो आणि मेसेजचा परिणाम खऱ्यापेक्षा लहान दिसणार होता.

काकीला सगळे नीट समजावले. तिला फोन थांबवणे जड गेले, कारण त्यातली कित्येक माणसे तिच्या ओळखीची झाली आहेत. शेवटी तीच म्हणाली, "मग चवथीपर्यंत मी कुणालाच करत नाही. ते करतील तर उचलेन." वही तिने कपाटात ठेवली. पहिल्या आठवड्यात तिने नऊ फोन केले होते. ते तसेच राहू दिले, पण नोंद केली.

आणि शोधायचेच म्हणून बाकीच्या वाटाही धुंडाळल्या. वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये सोडलेल्या कार्टचा ईमेल पहिल्यापासून चालूच होता, कुणी कधी बंद केलेला नव्हता. बंद केला.

७ जुलै, सोमवार

तीन आठवडे झाले. मेसेज गटातले २१.१ टक्के घेऊन गेले, राखीव गटातले १५.२. जवळजवळ सहाचा फरक. भावाला आनंद झाला. "झाले की सिद्ध! सगळ्यांना चालू कर, उगाच अर्धी गिऱ्हाइके घालवतोस."

मी कॅलेंडर उलटे करून दाखवले. दर आठवड्याला डोकावून बघायचे आणि फरक मोठा दिसला त्या दिवशी थांबायचे असे केले, तर थांबण्याचा दिवस आपण आकड्याच्या चढावरच निवडतो. तो चढ पुढे उतरतो. तीन आठवड्यांत प्रत्येक गटात सहाशेच माणसे आहेत. दहा-बारा ऑर्डरी इकडच्या तिकडे झाल्या की सहाचे दोन होतात.

भाऊ रागावला नाही. पण त्याने आणखी एक तक्ता केला होता: ज्यांनी मेसेज उघडून वाचला त्यांतले ३१ टक्के घेऊन गेले, न वाचणाऱ्यांतले ८. "हा बघ मेसेजचा गुण." यावर आम्ही बराच वेळ बोललो. मेसेज वाचतो तो माणूस आधीच उत्सुक असतो, त्याला काजू हवेच असतात. न वाचणाऱ्याचा विचार आधीच बदललेला असतो. वाचणे ही नाणेफेक नाही, तो माणसाचा स्वतःचा निर्णय आहे. राखीव गटात कुणी "वाचला असता" हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांची तुलना करायला समोर कुणी नाही. म्हणून मेसेज गटात ठरलेला प्रत्येक जण मोजायचा. वाचलेला, न वाचलेला, आणि ज्याच्या नंबरवर मेसेज पोहोचलाच नाही तोही.

११ ऑगस्ट, सोमवार

राखीचा आठवडा संपला. दोन्ही गटांत खरेदी वर गेली, राखीव गटात मेसेजाविना. जूनमध्ये बंद आणि ऑगस्टमध्ये चालू असे केले असते तर ही सगळी वाढ आम्ही मेसेजच्या नावावर लिहिली असती.

एका हॉटेलने पंचवीस किलो तुकडा काजू घेतला. नंबर राखीव गटातला. ही एकच ऑर्डर इतकी मोठी की रुपयांची सरासरी घेतली तर राखीव गटाचा आकडा उगाच फुगतो. त्या हॉटेलला मेसेज गेला नाही म्हणून त्यांनी घेतले, असे थोडेच आहे? आम्ही किरकोळ विक्रीचा प्रश्न विचारतो आहोत, म्हणून आधी ऑर्डरींची संख्या मोजायची आणि मग नेहमीच्या घरगुती ऑर्डरच्या सरासरीने गुणायचे. हे शेवटचे आकडे बघण्याआधी ठरवले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल शेवटचा माणूस आत आला. परवा चवथ. घरी माटोळी बांधायची आहे. हिशेब चवथीनंतर.

१५ सप्टेंबर, सोमवार

थांबलो ते बरे झाले. आमच्या जवळपास निम्म्या ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या. ऑर्डर पडली म्हणजे विक्री झाली असे नाही. माणूस घरी नसतो किंवा दारात नको म्हणतो आणि पाकीट फोंड्याला परत येते. म्हणून परत आलेली पार्सले वजा होईपर्यंत हिशेब धरला नाही. मेसेज गटात २९ परत आली, राखीव गटात २४.

आता खरे आकडे. मेसेज गट २,११८ माणसे, त्यांत टिकलेल्या ऑर्डरी ४०२, म्हणजे १९.० टक्के. राखीव गट २,०९४ माणसे, ऑर्डरी ३३७, म्हणजे १६.१ टक्के. फरक २.९.

मेसेज नसता तर २,११८ पैकी १६.१ टक्के, म्हणजे ३४१ जण आलेच असते. मेसेजने आणलेल्या ऑर्डरी ६१. डॅशबोर्डवर मात्र परत आलेल्या धरून सगळ्या ४३१ ऑर्डरी "वसूल" दिसतात. सातातली एक खरी.

हा ६१ही ठाम नाही. दोन हजारांच्या गटात नुसत्या योगायोगाने किती हलू शकते ते धरले, तर फरक ०.६ पासून ५.२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. ऑर्डरींत तेरा ते एकशे दहा. मेसेजचा काहीतरी उपयोग होतो एवढे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते, नेमका किती ते याहून बारीक सांगता येत नाही. तीन आठवड्यांचा सहाचा फरक दहा आठवड्यांत निम्म्यावर आला, हे भावाने स्वतःच वहीत लिहिले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज काकांबरोबर पैशांचा हिशेब. ओटीवर बसून, कागदावर.

घरगुती ऑर्डरची सरासरी, कूपन वजा करण्याआधीची, १,१४० रुपये. ६१ ऑर्डरी म्हणजे ६९,५४० रुपयांची वाढीव विक्री. माल, पॅकिंग आणि कुरिअर जाऊन आमच्या हाती शंभरामागे बावीस राहतात, म्हणजे १५,२९९.

आता खर्च. मेसेज दोन मिळून ३,९६८ गेले, एकाला ९० पैसे पडतात, ३,५७१ रुपये. काकांनी मान हलवली, हे परवडते. मग कूपन. ४०२ पैकी १६३ जणांनी दहा टक्क्यांचे कूपन वापरले आणि त्यात १९,२३४ रुपये सुटले.

काकांनी पेन्सिल थांबवली. "पण वाढीव ऑर्डरी तर एकसष्टच. कूपन एकशे त्रेसष्टांना?"

हेच मला त्यांना दाखवायचे होते. एकसष्टच्या एकसष्ट वाढीव ऑर्डरी कूपनच्या होत्या असे धरले, तरी शंभरांहून जास्त कूपने अशा लोकांनी वापरली जे पूर्ण दराने घेणारच होते. पुण्याच्या ताई मेसेज गटात आहेत. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी कूपन वापरले. पगार झाला होता, त्या येणारच होत्या, आम्ही त्यांना ओळीत उभे राहण्याआधीच सूट हातात दिली.

१५,२९९ मधून ३,५७१ आणि १९,२३४ गेले. दहा आठवड्यांत सुमारे साडेसात हजारांचा तोटा, आणि तोही अर्ध्या गिऱ्हाइकांवर. सगळ्यांत चांगली बाजू, एकशे दहा ऑर्डरी, धरली तरी फायदा पाच हजारांच्या आत. काका म्हणाले, "सूट शिकवली आपण लोकांना." त्याचा पुरावा या आकड्यांत नाही. पण जूनच्या तुलनेत ऑगस्टमध्ये कार्ट भरून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणारे वाढले का, हे पाहून ठेवायला हवे. कार्ट सोडले की कूपन येते, हे कळायला दोन खरेद्या पुरतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

या चाचणीत एक गोष्ट कळत नाही: ६१ पैकी किती पहिल्या साध्या मेसेजचे आणि किती कूपनचे. दोन्ही एकाच गटाला दिल्यामुळे ते वेगळे करता येत नाहीत. हा दोष माझ्या आखणीतला. सुरुवातीलाच तीन गट करायला हवे होते, पण मग प्रत्येक गटाला दोन हजार माणसे मिळायला पंधरा आठवडे लागले असते आणि मला चवथीच्या आत उत्तर हवे होते.

ठरले ते असे. कूपन बंद. फक्त एक मेसेज, तासाभराने, त्यात कार्टमधल्या मालाचे नाव आणि थेट कार्टची लिंक. निम्मे लोक पुन्हा राखीव. साध्या मेसेजला दहा आठवड्यांत दोन हजारांच्या आत खर्च येतो, म्हणजे आठ वाढीव ऑर्डरी आल्या तरी तो भागतो. मात्र तेवढा लहान फरक या आकाराच्या गटांत दिसणार नाही, हे काकांना आधीच सांगून ठेवले.

२२ सप्टेंबर, सोमवार

कोडमधला शब्द `cart-2025-09:` केला आणि चालू केले. आज घटस्थापना, पुढे दसरा-दिवाळी आहे, पण दोन्ही गटांना सारखीच.

काकीने वही परत काढली. तिने विचारले की तिच्या फोनांचेही असेच मोजता येईल का, कारण तिला स्वतःला जाणून घ्यायचे आहे. दिवसाला चार-पाच फोन म्हणजे माणसे फार थोडी, वर्षभर तरी लागेल. तरीही वहीत दोन रकाने आखून दिले. नावापुढे फोन नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर करायचा, विषम असेल तर नाही. पहिले नाव विषम निघाले, मडगावच्या एका नेहमीच्या बाई, डब्ल्यू-३२० दोन किलो. काकीने फोन उचलला होता तो परत ठेवला आणि त्यांच्या नावापुढे तारीख लिहिली.